विमानावरचा बाण आणि पुड्यावरचा रवा

फेडेक्स या कुरिअर कंपनीचं नाव दोन ठिकाणी दिसतं: मालवाहू विमानाच्या अंगावर आणि हातातल्या पाकिटावर. विमानावरचं अक्षर माणसाहून उंच, पाकिटावरचं करंगळीच्या नखाहून लहान. आता सांगा, या दोन्हीतलं मोठं कोणतं?

घाई करू नका. विमानावरचं अक्षर 2 मीटर उंच धरू आणि विमान धावपट्टीवर आपल्यापासून 400 मीटर लांब उभं आहे असं समजू. पाकिटावरचं अक्षर 5 मिलिमीटरचं आणि पाकीट डोळ्यांपासून 40 सेंटिमीटरवर. डोळ्याला मीटर-मिलिमीटर कळत नाहीत, त्याला फक्त कोन कळतो. आपल्या पंचांगात अंशाचे 60 भाग करतात आणि त्या प्रत्येक भागाला कला म्हणतात. त्या मापात पौर्णिमेचं चंद्रबिंब साधारण 30 कलांचं. हिशेब केला तर विमानावरचं अक्षर भरतं 17 कला आणि पाकिटावरचं 43! म्हणजे तुमच्या हातातलं इवलंसं अक्षर डोळ्यांपुरतं त्या राक्षसी अक्षराच्या अडीचपट आहे.

एखाद्या नावाची खास घडवलेली अक्षराकृती, म्हणजे वर्डमार्क, तपासायला बसलं की पहिला धक्का हा बसतो. लोक ‘खूप मोठ्या आकारात कसं दिसेल’ म्हणून काळजी करतात; पण लांबून पाहिलेला मोठा फलक हा डोळ्याच्या दृष्टीने चक्क लहान नमुना असतो. खरा मोठा आकार भेटतो तो त्याच फलकाच्या अगदी पायथ्याशी उभं राहिल्यावर. आणि गंमत अशी, की एकाच रेखाटनातल्या अक्षरांमधल्या फटी या दोन ठिकाणांहून वेगळ्याच भासतात. लांबून त्या मिटतात, जवळून त्या आ वासतात. रेखाटन तेच, मोजमाप तेच. मग बदललं काय?

ते समजण्यासाठी आधी फट म्हणजे नक्की काय ते पाहू. दोन ठरावीक अक्षरांच्या जोडीतलं अंतर कमी-जास्त करणं म्हणजे कर्निंग. सगळ्या शब्दभर सारखंच अंतर वाढवणं किंवा घटवणं म्हणजे ट्रॅकिंग, साध्या भाषेत अक्षरांतर. वाटतं की हे पट्टीचं काम आहे: सगळीकडे समान अंतर ठेवलं की झालं. करून बघा, शब्द वेडावाकडा दिसेल. दोन सरळ दांडे शेजारी आले तर त्यांच्यातली फट दाटल्यासारखी वाटते. दोन गोलाया शेजारी आल्या तर त्याच अंतरावर भोकं पडल्यासारखं वाटतं. कारण डोळा दोन अक्षरांमधलं सर्वांत कमी अंतर मोजत नाही, तो तिथे मावणारी सगळी मोकळी जागा मोजतो. प्रत्येक फटीत वरून ज्वारीचे दाणे ओतले, तर प्रत्येकीत जवळपास सारखेच दाणे मावायला हवेत. गोलाईच्या वर आणि खाली दाण्यांना आयती जागा मिळते, म्हणून गोल अक्षरं जवळ ओढावी लागतात. दांड्यांमध्ये ती मिळत नाही, म्हणून ते लांब सारावे लागतात.

समतोलाचंही तसंच. रोमन लिपीतलं गोल ओ शेजारच्या सरळ अक्षराइतक्याच उंचीचं काढलं, तर ते बुटकं दिसतं. म्हणून अक्षरकार ते वर आणि खाली किंचित बाहेर काढतात, साधारण एक ते तीन टक्के. पट्टी लावली तर चूक, डोळा लावला तर बरोबर! आता विचार करा, 100 पिक्सेल उंचीच्या अक्षरात हे दोन टक्के म्हणजे 2 पिक्सेल. 12 पिक्सेलच्या अक्षरात? पाव पिक्सेल. पडद्याला पाव ठिपका काढता येत नाही. तो एकतर काहीच दाखवणार नाही, नाहीतर एक अख्खी ओळ फिकट राखाडी करून गोलाईची कड धुरकट करणार. मोठ्या आकारात ज्याने समतोल साधला, तेच लहान आकारात समतोल बिघडवतं.

हा एक ठिपका किती मोलाचा असतो? मे 2014मध्ये गूगलने आपल्या वर्डमार्कातलं चौथं अक्षर, म्हणजे दुसरं जी, एक पिक्सेल उजवीकडे सरकवलं. पाचवं अक्षर एल एक पिक्सेल उजवीकडे आणि एक पिक्सेल खाली आणलं. बस, एवढंच. कोट्यवधी लोक रोज ते नाव बघत होते, बहुतेकांना कळलंही नाही. पण एलचा पाया आता शेजारच्या ई च्या पायाच्या रेषेत बरोबर आला होता. बारीक नजरेच्या लोकांनी हा बदल पकडला आणि त्याची बातमी झाली.

आता फेडेक्सकडे परत येऊ, कारण तिथे एक फट हीच सगळ्या चिन्हाचा जीव आहे. 1994मध्ये लँडॉर या संस्थेतल्या लिंडन लीडर यांनी हे चिन्ह घडवलं. त्यातल्या कॅपिटल ई आणि त्यापुढच्या लहान एक्समध्ये एक पांढरा बाण लपलेला आहे. ई च्या मधल्या आणि खालच्या आडव्या हातांमधली जागा हा बाणाचा दांडा. एक्सच्या डाव्या खाचेत त्याचं टोक. दोन्ही अक्षरं एकमेकांना टेकली आहेत म्हणून बाण चारी बाजूंनी बंद झाला. लीडर युनिव्हर्स आणि फ्युचुरा या दोन टाइपांवर प्रयोग करत होते, अक्षरं अगदी घट्ट आणून बघत होते. त्यात त्यांना बाणाची चाहूल लागली. पण दोन्हींपैकी एकाही टाइपात तो आपसूक नीट जुळेना. शेवटी दोन्हींचे गुण घेऊन अक्षरंच नव्याने बेतावी लागली. रिकाम्या जागेला आकार यावा म्हणून भरीव अक्षरं बदलली!

हा बाण किती लहान आकारापर्यंत टिकेल? हिशेब करू. निरोगी डोळा साधारण 1 कलेएवढा तपशील वेगळा ओळखू शकतो. डोळ्यांच्या डॉक्टरांकडचा तक्ता याच मापावर बेतलेला असतो: 6 मीटरवरून वाचायच्या सहा-सहाच्या ओळीतलं अक्षर 5 कला उंच आणि त्याची रेघ 1 कला जाड. आता बाणाचा दांडा अक्षराच्या उंचीच्या आठव्या हिश्शाएवढा जाड धरू. पाकिटावर तो 5 कलांहून थोडा जास्त, म्हणजे स्पष्ट. 400 मीटरवरच्या विमानावर 2 कला, म्हणजे निरखलं तर दिसेल. विमान 800 मीटरवर गेलं की 1 कला, आणि बाण नाहीसा.

पडद्यावर तर तो आणखी आधी जातो. हे चिन्ह 32 पिक्सेल रुंदीत बसवलं तर अक्षराची उंची जेमतेम 9 पिक्सेल होते आणि दांडा एका पिक्सेलचा. तो पिक्सेलांच्या जाळीत नेमका बसला तर पांढरी रेघ. दोन ओळींच्या मध्ये पडला तर दोन्ही ओळी मळकट नारिंगी. 16 पिक्सेलला दांडा अर्ध्या पिक्सेलचा, म्हणजे काहीच नाही. तरीही नाव वाचता येतं, कारण वाचन त्या फटीवर अवलंबून नाही. ही फार मोलाची गोष्ट आहे. फट मिटली तर शोभा जाईल की अर्थच जाईल, हे तपासणाऱ्याने आधी पाहायचं असतं.

अर्थच जाईल अशी फट असते का? असते, आणि आपल्याच लिपीत! ‘रवा’ हा शब्द घ्या. एखाद्या पुड्यावर तो ठळक अक्षरांत छापायचा आहे. र ची खालची तिरकी मांडी आणि व चं गोल पोट यांच्यात एक चिमुकली फट असते. ती बुजली की र आणि व मिळून ख होतो, आणि पुड्यावर ‘खा’ असं वाचलं जातं. जुन्या वळणाचा ख तर थेट र आणि व शेजारी ठेवल्यासारखाच दिसे. हाच घोळ टाळायला प्रमाण वळणात ख चे दोन भाग खाली एकमेकांना जोडले. म्हणजे लिपीच्या सुधारणेने सगळा भार त्या एका फटीवर टाकला: जोडलेलं असेल तर ख, सुटं असेल तर र आणि व.

मग माप लावून बघू. पुड्यावरचं अक्षर 12 मिलिमीटर उंच, फट त्याच्या विसाव्या हिश्शाएवढी, म्हणजे 0.6 मिलिमीटर. पुडा हातात, 40 सेंटिमीटरवर: फट 5 कला, लख्ख दिसते. पुडा दुकानदाराच्या मागच्या फळीवर, 2 मीटरवर: फट 1 कला. डोळ्याच्या मर्यादेवर! हातात ‘रवा’ असलेला तोच पुडा फळीवर गेल्यावर ‘खा’ होऊ शकतो. कुणी अक्षराला हातही लावलेला नाही.

उपाय सोपा वाटतो: फट दुप्पट करा, 1.2 मिलिमीटर. फळीवर ती 2 कलांची होईल आणि ‘रवा’ पक्का. आता हेच रेखाटन पन्नासपट करून दुकानाच्या फलकावर चढवा. अक्षर 60 सेंटिमीटर, फट 6 सेंटिमीटर. 100 मीटरवरून हा फलक 2 मीटरवरच्या पुड्याइतकाच दिसतो, तेव्हा तिथे उत्तम. पण चालत 5 मीटरपर्यंत या. ती फट आता 41 कलांची झाली, चंद्रबिंबाहून मोठी! इतक्या जवळून अख्खा शब्द एका दृष्टिक्षेपात मावत नाही. नजर दोन अक्षरांवर खिळते आणि त्यांच्यातलं भगदाड हीच एक स्वतंत्र आकृती होऊन समोर उभी राहते.

कारण आता सरळ दिसतं. लांबून पाहताना डोळ्यातल्या प्रतिमेच्या कडा थोड्या पसरतात. दोन्ही बाजूंचा काळेपणा फटीत झिरपतो आणि फट आहे त्याहून अरुंद भासते. जवळून पाहताना कडा धारदार, झिरपणं नगण्य. फट आहे तेवढी सगळी दिसते. म्हणून लहान आकाराला सैल अक्षरांतर लागतं आणि मोठ्याला घट्ट. ॲपलने 2015मध्ये आपल्या यंत्रांसाठी सॅन फ्रान्सिस्को हा टाइप आणला, तेव्हा 20 पॉइंटच्या खाली एक घडण आणि 20 पॉइंटपासून वर दुसरी घडण अशी सोयच करून ठेवली. लहान घडणीत अक्षरं सुटी सुटी, मोठीत जवळ जवळ. वाचणाऱ्याला वाटतं, दोन्ही एकच.

देवनागरीत मात्र या सैलावण्याला एक विलक्षण साथीदार मिळतो: शिरोरेषा. रोमन शब्दात अक्षरं लांब सारली की शब्द विस्कटतो. आपल्याकडे खाली कितीही फट पडली तरी वरची रेघ शब्दाला बांधून ठेवते. म्हणजे लहान आकारासाठी र आणि व खालच्या बाजूला निर्धास्त दूर करा, शब्द ‘र वा’ असा तुटणार नाही. पण याच साथीदारापायी एक हमखास फसगत होते. संगणकावर प्रत्येक अक्षर आपापला शिरोरेषेचा तुकडा घेऊन येतं. हे तुकडे शेजाऱ्याशी भिडतात किंवा थोडे एकमेकांवर चढतात, म्हणून रेघ सलग दिसते. आता अक्षरांतराची नेहमीची सोय वापरून शब्द सैल केला, की तुकडे एकमेकांपासून सुटतात आणि शिरोरेषेला जागोजागी भेगा पडतात. उलट तुकडे एकमेकांवर चढलेलेच ठेवून ते रेखाटन फलकासाठी व्हिनाइल कापणाऱ्या यंत्राला दिलं, तर यंत्र प्रत्येक तुकड्याची कड कापतं आणि सांध्यांवर चिरा उमटतात. लहान नमुन्यात यातलं काहीही नजरेस येत नाही. म्हणून वर्डमार्कात शिरोरेषा एकच सलग पट्टी म्हणून काढायची, सगळे आकार जोडून एकसंध करायचे आणि अक्षरांचे देह तिच्याखाली हाताने, डोळ्याने बसवायचे.

शिरोरेषेचं वजनही विसरून चालत नाही. फार लहान आकारात ती आणि तिला चिकटलेले वरचे तपशील मिळून एकच गडद पट्टा होतो. अनुस्वाराचा ठिपका त्यात विरून जातो. शब्द वर जड आणि खाली विरळ दिसू लागतो. तिथे रेघ थोडी बारीक करून अनुस्वार वर उचलावा लागतो. मोठ्या आकारात तोच उचललेला अनुस्वार तरंगल्यासारखा दिसेल, म्हणून तिथे तो पुन्हा खाली.

मग हे सगळं तपासायचं कसं? महागडी उपकरणं लागत नाहीत. पहिली परीक्षा: शब्द कागदावर छापून उलटा धरा. वाचता येत नाही, म्हणून मेंदू अर्थ पुरवायचा थांबतो आणि फटी नागड्या दिसू लागतात. दुसरी: एका वेळी फक्त तीन अक्षरं उघडी ठेवा, बाकीची कागदाने झाका. मधलं अक्षर दोन्ही शेजाऱ्यांच्या बरोबर मध्ये वाटतं का? वाटत नसेल तर ते सरकवा आणि मग एकेक अक्षर पुढे जा. तिसरी: डोळे किलकिले करा. अक्षरं विरघळून सलग राखाडी पट्टा दिसायला हवा. त्यात जिथे काळा डाग दिसेल तिथे दाटी आहे, जिथे उजेड दिसेल तिथे भोक.

चौथी परीक्षा सगळ्यांत सुंदर. 400 मीटरवरचं 2 मीटरचं अक्षर बघायला विमानतळावर जावं लागत नाही. 2 मिलिमीटरचं अक्षर छापा आणि 40 सेंटिमीटरवर धरा. गुणोत्तर तेच, एकास दोनशे, कोन तोच, तेव्हा डोळ्यासाठी ते विमानच आहे! टेबलाशी बसून विमानतळ, महामार्ग आणि दुकानाची फळी या सगळ्यांच्या कोनांची परीक्षा घेता येते. उलट बाजूही पाहायची: शब्दातली एकच जोडी, आपली र-व, भिंतभर प्रक्षेपकाने टाकून जवळ उभं राहायचं.

या युक्तीला दोन मर्यादा आहेत. पहिली प्रकाशाची: रात्री पेटलेल्या अक्षरांचा झगमगाट कागदावर येत नाही. उजेड कडेबाहेर सांडतो आणि फटी आणखी मिटवतो, म्हणून असा फलक रात्री लांबूनच तपासावा लागतो. दुसरी कोनाची. फलकावरची उठावाची अक्षरं 5 सेंटिमीटर जाड असतील आणि त्यांच्यातली फट 3 सेंटिमीटर, तर समोरून बाजूला फक्त 31 अंश सरकलात की अलीकडच्या अक्षराची जाडी ती फट पूर्ण झाकून टाकते. रस्त्याने येणारा माणूस तर फलकाकडे बहुधा तिरकाच बघतो. समोरून केलेली सगळी कर्निंग त्याच्यासाठी वाया.

आणि यातलं मुळात नवं काहीच नाही! धातूच्या खिळ्यांच्या काळात प्रत्येक आकाराचा ठसा कारागीर वेगळा कोरत असे. लहान आकाराचं अक्षर तो थोडं रुंद, थोडं जाड आणि सुटं कोरी. मोठ्या आकाराचं नाजूक आणि घट्ट. मग विसाव्या शतकात फोटोवरून अक्षरजुळणी करणारी यंत्रं आली. एकच रेखाटन भिंगाने हवं तेवढं लहान-मोठं करता येऊ लागलं, आणि सोयीच्या बदल्यात कारागिराची ती जाण हातातून निसटली. ती परत आणायला बराच काळ लागला. 2016मध्ये जाहीर झालेल्या व्हेरिएबल फाँटमध्ये आकारानुसार अक्षराची घडण बदलण्याची सोय आली. 2019च्या हेल्व्हेटिका नाउमध्ये अगदी लहान, मजकुराच्या आणि मथळ्याच्या आकारासाठी तीन वेगळ्या घडणी आहेत.

म्हणून आपल्या ‘रवा’चा निकाल असा लागतो. पुड्यासाठी एक रेखाटन, फट अक्षराच्या उंचीच्या दहाव्या हिश्शाएवढी. फलकासाठी दुसरं. तिथे फट त्याहून कमी, पण किती कमी हे गिऱ्हाईक किती लांबून आणि किती तिरकं बघतं त्यावर ठरवायचं. आणि उठावाची अक्षरं असतील तर त्यांची जाडी फटीहून कमी ठेवायची. मोबाइलच्या चिन्हासाठी तिसरं, पिक्सेलांच्या जाळीवर नेमकं बसवलेलं, बारीक शिरोरेषेचं. त्यात फट कमीत कमी एका अख्ख्या पिक्सेलची. तिन्ही शेजारी ठेवून एकाच मापात आणली तर तीन वेगळी अक्षरं दिसतील. आपापल्या जागी ठेवून बघा: पुडा, फलक आणि मोबाइल, तिन्हींवर अगदी एकच नाव दिसेल.